आधी टेबले, मग डॅशबोर्ड

उदाहरणासाठी एक दूध संघ घेऊ. संघ काल्पनिक आहे, पण त्याची रात्रीची कामे कोणत्याही मोठ्या संघात असतात तशीच आहेत. गावोगावच्या दूध संस्था सकाळ-संध्याकाळ दूध घेतात आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या दुधाची फॅट व एसएनएफ मोजून नोंद करतात. हे दूध टँकरने डेअरीत येते, पिशव्यांत भरले जाते आणि वितरकांकडे जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला व्यवस्थापक डॅशबोर्ड उघडतो. काल किती दूध आले, ते केवढ्याला पडले आणि किती विकले गेले, हे त्याला तिथे हवे असते. दिवसभराचे निर्णय तो त्या आकड्यांवर घेतो.

या एका पडद्यामागे सात टेबले आहेत. ‘संस्था’ या टेबलात गावच्या संस्थांची यादी आहे, तर ‘दर’मध्ये फॅट-एसएनएफनुसार ठरलेला भाव. ‘संकलन’मध्ये गावात घेतलेले दूध, ‘टँकर’मध्ये डेअरीच्या काट्यावर मोजलेली आवक आणि ‘विक्री’मध्ये वितरकांना गेलेला माल नोंदलेला असतो. ही पाच टेबले बाहेरच्या यंत्रणांकडून भरली जातात. उरलेली दोन त्यांच्यावरून तयार होतात. संकलनाला दर लावला की ‘खरेदी’ तयार होते. खरेदी, टँकर आणि विक्री एकत्र मांडली की ‘ताळेबंद’ तयार होतो. डॅशबोर्ड वाचतो तो ताळेबंद.

या प्रकरणाचा प्रश्न एवढाच आहे: सातही टेबले पूर्ण भरून झाल्याशिवाय डॅशबोर्डचा रिफ्रेश सुरू होणार नाही, याची खात्री कशी करायची?

घड्याळावरची रचना

सर्वात सोपा आणि सर्वात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे प्रत्येक कामाला वेळ नेमून देणे. युनिक्सवरचा क्रॉन हेच करतो, आणि बहुतेक शेड्युलरची सुरुवातीची मांडणीही अशीच असते. आपल्या संघात संस्था आणि दर रात्री २ वाजता भरायचे ठरले. संकलन आणि टँकर २:३० ला, विक्री ३:०० ला, खरेदी ३:३० ला, ताळेबंद ४:१५ ला आणि रिफ्रेश ५:०० ला. संकलनाचा लोड एरवी ४० मिनिटांत उरकतो. त्याला तासभर दिला आहे, म्हणजे २० मिनिटांची सवड ठेवली आहे. कागदावर ही रचना सुरक्षित दिसते.

एका रात्री संकलनाच्या लोडला ६४ मिनिटे लागली. कारण क्षुल्लक होते: त्याच सर्व्हरवर बॅकअप सुरू होता. लोड ३:३४ ला संपला. पण खरेदीचा जॉब ठरल्याप्रमाणे ३:३० ला सुरू झाला होता. त्या क्षणी संकलनाच्या सुमारे ९४ टक्के ओळी टेबलात आल्या होत्या. खरेदीने तेवढ्याच ओळींना दर लावला आणि काम संपवले.

आता हिशोब पाहा. त्या दिवशी टँकरने १,००,००० लिटर दूध आले आणि त्याची खरी खरेदी ३४,००,००० रुपयांची होती. दूध लिटरमागे ३४ रुपयांना पडले. पण खरेदीच्या टेबलात ३१,९६,००० रुपयेच नोंदले गेले. टँकरचा आकडा मात्र पूर्ण होता. म्हणून डॅशबोर्डवर लिटरमागे ३१.९६ रुपये दिसले. फरक दोन रुपयांचा आहे. तो इतका मोठा नाही की बघणाऱ्याला खटकावा आणि इतका लहानही नाही की सोडून द्यावा. लाख लिटरमागे तो दोन लाख चार हजार रुपये होतो.

या चुकीचा खरा धोका असा, की रात्रीत कुठलाच जॉब फेल झाला नाही. संकलन उशिरा संपले, पण यशस्वी झाले. खरेदीला टेबल सापडले, ओळी सापडल्या, तीही यशस्वी झाली. शेड्युलरच्या पडद्यावर सगळ्या खुणा हिरव्या आहेत. प्रत्येक जॉब स्वतःपुरता बरोबर आहे. चूक दोन जॉबच्या मधल्या जागेत आहे, आणि त्या जागेवर कोणाचेच लक्ष नाही.

अर्धवट ओळी दिसल्या, कारण हा लोड काही हजार ओळींच्या गठ्ठ्यांनी भरत होता आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर कमिट करत होता. पूर्ण लोड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असता, तर खरेदीला संकलनाची त्या दिवसाची एकही ओळ दिसली नसती आणि खरेदी शून्य आली असती. तेही चूकच, पण शून्य लगेच डोळ्यांत भरते. ९४ टक्के भरत नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो वेळ वाढवण्याचा: खरेदी चारला सुरू करा. पण साखळीत जितके दुवे आहेत, तितक्या ठिकाणी अशी सवड ठेवावी लागते. त्या सगळ्या सवडी एकापुढे एक लागतात आणि डॅशबोर्ड उगाच उशिरा येतो. शिवाय ज्या रात्री लोडला ९५ मिनिटे लागतील, त्या रात्री वाढवलेली वेळही अपुरीच पडेल. नेमलेली वेळ म्हणजे मागचे काम तोवर संपलेले असेल, असा अंदाज. तो संपल्याचा पुरावा नव्हे.

कोण कोणावर अवलंबून

म्हणून वेळ बाजूला ठेवून आधी अवलंबन लिहून काढायचे. प्रत्येक टेबलासमोर एकच प्रश्न विचारायचा: हे भरायला सुरुवात करण्यापूर्वी कोणकोणती टेबले पूर्ण असायला हवीत? संस्था, दर, टँकर आणि विक्री यांना कोणाचीच वाट पाहायची नाही. संकलनाला संस्था हवी, कारण प्रत्येक ओळीतला संस्थेचा क्रमांक यादीशी जुळवून पाहिला जातो. खरेदीला संकलन आणि दर हवेत. ताळेबंदाला खरेदी, टँकर आणि विक्री हवी. रिफ्रेशला ताळेबंद हवा.

ही यादी आठवणीने करू नये. टेबल भरणाऱ्या क्वेरीत `FROM` आणि `JOIN` नंतर जी नावे येतात, तीच तिची खरी अवलंबने. डीबीटीसारखे साधन नेमके हेच करते. क्वेरीत टेबलाचे नाव थेट न लिहिता `ref` मधून लिहिले, की कोण कोणावर टेकून आहे याचा आराखडा ते स्वतः काढते. डॅशबोर्डच्या बाबतीत मात्र ही तपासणी बहुधा हातानेच करावी लागते आणि इथेच एखादा दुवा निसटतो. आपला डॅशबोर्ड ताळेबंद वाचतो असे म्हटले, पण त्यावर तालुका निवडण्याची जी यादी आहे ती थेट ‘संस्था’ या टेबलातून येते. म्हणजे रिफ्रेशचा दुसरा दुवा संस्थेशी आहे. इथे तो ताळेबंदाच्या मागच्या साखळीत आपोआप झाकला जातो. पण उद्या कोणी डॅशबोर्डवर लक्ष्यांचे वेगळे टेबल थेट जोडले आणि आराखड्यात लिहिले नाही, तर क्रम कितीही नेटका लावला तरी ते टेबल रिफ्रेशच्या आधी भरेल याची हमी कोणीच देणार नाही.

दुवे लिहून झाले की क्रम लावण्याची रीत ठरलेली आहे. ए. बी. कान यांनी १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. प्रत्येक कामासमोर, ते अजून किती कामांची वाट पाहत आहे, हा आकडा लिहायचा. आपल्याकडे संस्था, दर, टँकर, विक्री यांचा आकडा ०, संकलनाचा १, खरेदीचा २, ताळेबंदाचा ३ आणि रिफ्रेशचा २. ज्यांचा आकडा शून्य, ती कामे लगेच सुरू करायची. एखादे काम संपले, की त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक कामाचा आकडा एकाने कमी करायचा. ज्याचा आकडा शून्यावर येईल त्याची पाळी आली. कामे शिल्लक आहेत, काहीच चालू नाही आणि तरी कोणाचाच आकडा शून्य होत नाही, अशी वेळ आली, तर आराखड्यात चक्र आहे असे समजावे: दोन टेबले फिरून एकमेकांचीच वाट पाहत आहेत. असे चक्र कुठल्याही क्रमाने सुटत नाही. त्यातल्या एका टेबलाचे दोन भाग करून ते तोडावे लागते.

एअरफ्लो या शेड्युलरमध्ये हाच आराखडा चार ओळींत लिहिता येतो. बाणाच्या डावीकडचे काम यशस्वी झाल्याशिवाय उजवीकडचे सुरू होत नाही.

```python
sanstha >> sankalan
[sankalan, dar] >> kharedi
[kharedi, tanker, vikri] >> taleband
[taleband, sanstha] >> refresh
```

आता तीच रात्र या रचनेत चालवून पाहू. २ वाजता चार कामे एकदम सुरू होतात. संस्था २:०५ ला संपते आणि त्याच क्षणी संकलन सुरू होते. एरवीच्या ४० मिनिटांनी ते २:४५ ला संपते, २५ मिनिटांची खरेदी ३:१० ला आणि १५ मिनिटांचा ताळेबंद ३:२५ ला. संकलनाला ६४ मिनिटे लागली त्या रात्री पुढचे सारे २४ मिनिटांनी सरकले असते आणि रिफ्रेश ३:४९ ला सुरू झाला असता. आकडे पूर्ण असते आणि रिफ्रेश घड्याळावरच्या रचनेपेक्षा तासाभराहून अधिक लवकर सुरू झाला असता. सवड ठेवणे सोडले म्हणून हा वेळ वाचला.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट कळते. संस्था, संकलन, खरेदी, ताळेबंद हा मार्ग ८५ मिनिटांचा आहे आणि रिफ्रेशची वेळ तोच ठरवतो. विक्रीचा लोड ५० मिनिटांचा, म्हणजे सगळ्यात लांब आहे. पण तो २:५० ला संपतो आणि ताळेबंदाला त्याची गरज ३:१० ला लागते. विक्रीचा लोड निम्म्या वेळेत बसवला, तरी डॅशबोर्ड एक मिनिटही लवकर येणार नाही. संकलनातले एक मिनिट वाचवले, तर ते मिनिट थेट डॅशबोर्डला मिळते.

‘पूर्ण’ म्हणजे काय

सगळी कामे एकाच शेड्युलरमध्ये असली तर वरचा आराखडा बराचसा प्रश्न सोडवतो. प्रत्यक्षात टँकरचा लोड डेअरीची टीम चालवते, विक्रीचा लोड लेखा विभागाच्या यंत्रणेतून येतो आणि डॅशबोर्डच्या साधनाला स्वतःचे घड्याळ असते. एका शेड्युलरचे बाण दुसऱ्याच्या आवारात पोचत नाहीत. तेव्हा सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी प्रत्येक लोडने आपली खूण ठेवावी लागते. त्यासाठी एक छोटे नियंत्रण टेबल पुरते. त्यात टेबलाचे नाव, आकडे कोणत्या दिवसाचे, स्थिती, सुरू होण्याची व संपण्याची वेळ आणि ओळींची संख्या असावी. रिफ्रेशपूर्वी एकच प्रश्न विचारायचा:

```sql
SELECT COUNT(*) FROM load_status
WHERE business_date = DATE '2025-01-14'
  AND status = 'DONE'
  AND table_name IN ('sanstha','dar','sankalan',
      'tanker','vikri','kharedi','taleband');
```

उत्तर ७ आले तर दार उघडायचे. कमी आले तर काही मिनिटांनी पुन्हा विचारायचे. दिवस आणि टेबलाचे नाव मिळून एकच ओळ राहील, असे बंधन त्या टेबलावर हवे. नाहीतर एकाच टेबलाच्या दोन खुणा मोजल्या जाऊन सात भरतील.

या क्वेरीतला सर्वात महत्त्वाचा रकाना `business_date` आहे. तो नसेल, तर विक्रीच्या समोर कालपासून पडून असलेली `DONE` ही खूण आजही दार उघडेल. आणि ही तारीख लोड कधी चालला याची नव्हे, तर आकडे कोणत्या दिवसाचे याची असते. १४ जानेवारीचे दूध १५ च्या पहाटे भरले जाते. लांबच्या गावांचा संध्याकाळचा टँकर मध्यरात्रीनंतर काट्यावर येतो, तरी ते दूध १४ चेच. म्हणून ही तारीख रात्रीच्या पहिल्या जॉबपासून शेवटच्या जॉबपर्यंत हातात द्यावी. प्रत्येक जॉबने ‘आजच्या आधीचा दिवस’ असे घड्याळावरून काढू नये. तसे काढले, तर फेल झालेला जॉब दोन दिवसांनी पुन्हा चालवताच तो भलत्याच दिवसाचे आकडे भरतो आणि खूणही भलत्याच दिवसासमोर करतो.

खूण कधी करायची, यालाही महत्त्व आहे. ती आकड्यांच्या आधी कधीच पडू नये. शेवटच्या गठ्ठ्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती लिहिली तर उत्तम: ओळी आल्या तर खूण आली, ओळी मागे फिरल्या तर खूणही मागे फिरली. आणि तोच दिवस पुन्हा भरायचा असेल, तर भरायला लागण्यापूर्वी `DONE` पुसून `RUNNING` लिहावे. नाहीतर टेबल रिकामे करून भरणे चालू असतानाही जुनी खूण ‘या, आकडे तयार आहेत’ असेच सांगत राहील.

तरीही एक भगदाड उरते. विक्रीची फाइल आलीच नाही. लोडने रिकामा फोल्डर पाहिला, शून्य ओळी भरल्या आणि यशस्वी झाल्याची खूण केली. तांत्रिकदृष्ट्या काम पूर्ण, व्यवहारात काहीच नाही. यासाठी ‘पूर्ण’ची व्याख्या त्या धंद्यातून घ्यावी लागते. संकलन पूर्ण म्हणजे यादीतल्या चालू असलेल्या प्रत्येक संस्थेची सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही वेळांची नोंद आली. एखाद्या गावाने खरोखरच दूध घेतले नसेल, तर तशी शून्याची नोंद हवी. विक्री पूर्ण म्हणजे पाठवणाऱ्या यंत्रणेने फाइलच्या शेवटी दिलेली ओळींची संख्या आणि एकूण लिटर टेबलातल्या बेरजेशी जुळले. ही जुळणी झाल्यावरच `DONE`.

रिफ्रेशचे दार

दार बांधले आणि शेजारून वाट मोकळी राहिली, असे बरेचदा होते. डॅशबोर्डच्या साधनात पूर्वी लावलेला पाचचा रिफ्रेश कोणी बंदच करत नाही. तो दाराला न विचारता चालत राहतो. तसे पाहिले तर ते घड्याळही काटेकोर नसते. पॉवर बीआयमध्ये नेमलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांत रिफ्रेश सुरू करण्याचा प्रयत्न होतो, आणि गर्दी असेल तर उशीर एक तासापर्यंत जाऊ शकतो. म्हणून वेळेवरचा रिफ्रेश काढून टाकावा आणि दार उघडल्यावर शेड्युलरनेच एपीआयमार्फत रिफ्रेशची मागणी करावी.

ही मागणी केली की ‘202 Accepted’ असे उत्तर येते. त्याचा अर्थ मागणी स्वीकारली, एवढाच. रिफ्रेश अजून व्हायचा असतो. शेड्युलर मात्र ते उत्तर पाहून काम झाले समजतो आणि हिरवी खूण देतो. प्रत्यक्ष शेवट कळण्यासाठी रिफ्रेशचा इतिहास पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. काम चालू असेपर्यंत तिथे `Unknown` दिसते, आणि संपल्यावर `Completed` किंवा `Failed`. तोवर थांबण्याचे आणखी एक कारण आहे. रिफ्रेश टेबले वाचत असताना कोणी संकलनाची दुरुस्ती भरायला सुरुवात केली, तर डॅशबोर्डचे एक पान दुरुस्तीपूर्वीचे आणि दुसरे दुरुस्तीनंतरचे होईल. म्हणजे लोड संपेपर्यंत रिफ्रेशने थांबायचे, तसेच रिफ्रेश संपेपर्यंत पुढच्या लोडनेही थांबायचे.

एअरफ्लोमध्ये आणखी एक सापळा आहे. मागची सगळी कामे यशस्वी झाली तरच पुढचे काम चालवायचे, हा तिथला मूळ नियम असून त्याचे नाव `all_success`. त्याच्या शेजारी `all_done` असाही नियम आहे. त्यात मागची कामे यशस्वी असोत वा फेल, ती संपली की पुढचे चालते. तात्पुरत्या फाइली पुसण्यासारख्या साफसफाईच्या कामांना तो योग्य. पण ‘काही झाले तरी डॅशबोर्ड आलाच पाहिजे’ या घाईत तो रिफ्रेशला लावला, की दाराची फक्त चौकट उरते.

विक्री आलीच नाही तर

दार किती वेळ बंद ठेवायचे, हे आधीच ठरवावे लागते. व्यवस्थापक साडेपाचला पाहणार असेल आणि रिफ्रेशला १५ मिनिटे लागत असतील, तर ५:१५ ही शेवटची वेळ. तोवर सातही खुणा आल्या नाहीत, तर रिफ्रेश करायचा नाही. डॅशबोर्डवर आदल्या दिवसाचे आकडे तसेच राहू द्यायचे. ते जुने असतात, पण एकमेकांशी जुळणारे असतात. आजची खरेदी आणि कालची विक्री यांच्या मिश्रणापेक्षा ते कितीतरी विश्वासाचे. ५:१५ ची वाट न पाहता ४:३० लाच, कोणती खूण आली नाही त्या टेबलाच्या नावासह, संबंधित टीमला निरोप गेला तर दुरुस्तीला पाऊण तास मिळतो.

आकडे जुने आहेत हे पाहणाऱ्याला कळलेच पाहिजे. बहुतेक डॅशबोर्डच्या कोपऱ्यात शेवटच्या रिफ्रेशची वेळ असते. पण ‘आज ५:००’ असे लिहिलेल्या पडद्यावर कालची विक्री सहज असू शकते. त्या जागी आकडे कोणत्या दिवसापर्यंतचे आहेत ते लिहावे. ती तारीख काढण्यासाठी प्रत्येक टेबलाचा शेवटचा पूर्ण दिवस घ्यावा आणि त्यांतला सर्वात जुना दाखवावा. सहा टेबले १४ तारखेपर्यंत आणि विक्री १३ पर्यंत असेल, तर सगळा डॅशबोर्ड १३ चाच.

ज्यांच्याकडे आज घड्याळावरचीच रचना आहे, त्यांना ती बदलण्याआधी एक तपासणी करता येते. शेड्युलरच्या गेल्या काही महिन्यांच्या नोंदी घ्याव्यात. प्रत्येक दुव्यासाठी मागचे काम कधी संपले आणि पुढचे कधी सुरू झाले, हे शेजारी शेजारी ठेवावे. जिथे पुढच्याची सुरुवात मागच्याच्या शेवटाआधी आहे, त्या दिवसाचा आकडा अर्धवट माहितीवर काढलेला असू शकतो. तो दिवस पुन्हा भरून नवा आकडा जुन्याशी ताडून पाहावा. हिरव्या खुणांआड दडलेले असे दिवस या एका यादीत समोर येतात. कोणत्या दुव्याला सर्वात आधी दार लावायचे, तेही हीच यादी सांगते.